लांबच्या वैद्यकीय रजेवरच्या सहकाऱ्याला मेसेज: विचारपूस वाटावी, तगादा नाही

प्रश्न: मी अंधेरीत एका मालवाहतूक कंपनीत बिलिंगची सहा जणांची टीम सांभाळतो. टीममधल्या सीमाताई (नाव बदललं आहे) स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांसाठी सहा महिन्यांच्या रजेवर आहेत. दीड महिना झाला. ऑपरेशन झालं, आता केमो सुरू झाली, एवढं त्यांनीच कळवलं होतं. विचारपूस करावीशी वाटते, पण मेसेज लिहायला घेतला की तो 'कधी येताय' असाच वाटायला लागतो. नाही केला तर विसरलो असं वाटेल. त्यात साहेब अंदाजे तारीख विचारतायत. काय लिहावं आणि किती दिवसांनी लिहावं?

उत्तर: साहेबांना तारीख हवी आहे आणि तुम्हाला विचारपूस करायची आहे. ही दोन कामं एकाच मेसेजमधून करायला गेलात की विचारपूस बाजूला राहते आणि तारीख तेवढी दिसते. 'घाई नाही' असं शेवटी जोडलं तरी दिसतेच. म्हणून तारखेचा विषय या मेसेजमधून पूर्ण काढा. त्याचा मार्ग वेगळा आहे, तो शेवटी सांगतो.

अशा वेळी सहसा काय पाठवलं जातं ते आधी पाहू. हेतू चांगलाच असतो:

«नमस्कार सीमाताई, कशा आहात? तब्येत कशी आहे आता? केमो किती राहिल्या? ऑफिसमध्ये सगळे तुमची खूप आठवण काढतात. तुमच्याशिवाय महिनाअखेरचं बिलिंग अडकतंच! लवकर बऱ्या व्हा, आम्ही वाट बघतोय. कधीपर्यंत याल काही अंदाज? घाई नाही, आधी तब्येत.»

यात चार प्रश्न आहेत, आणि प्रत्येक प्रश्न म्हणजे त्यांच्यावर एक काम. 'कशा आहात' याला खरं उत्तर द्यायचं तर उलट्या, तोंड आलंय, झोप नाही, हे बॉसला लिहावं लागतं. खोटं द्यायचं तर 'बरी आहे' लिहावं लागतं, आणि मग आपण बरे आहोत असं सांगून बसलो, आता कामाला यायला उशीर का, ही धास्ती लागते. 'किती राहिल्या' हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी उरलेले दिवस मोजणारा आहे. 'तुमच्याशिवाय अडतं' हे तुम्हाला कौतुक वाटतं. घरी पडून असलेल्या माणसाला ते आपल्यामुळे पाच जणांचे हाल होतायत असं ऐकू येतं. 'लवकर बऱ्या व्हा' तर आपल्या तोंडात इतकं बसलेलं आहे की ते खटकतही नाही, पण केमो घेणाऱ्या माणसाच्या हातात 'लवकर' काहीच नसतं. आणि 'घाई नाही' हे शब्द मुळात तेव्हाच लागतात जेव्हा आधीच्या वाक्यात घाई येऊन गेलेली असते. कच्च्या मसुद्यात हे दोन शब्द सापडले तर त्याच्या वरची ओळ खोडा. हे दोन शब्दही आपोआप जातील.

आता मेसेजच्या आधीचं काम. माझ्या मते हेच जास्त महत्त्वाचं, आणि हेच बहुतेकांकडून राहतं.

तुम्ही कितीही हळुवार लिहा, कंपनीची यंत्रणा त्याच फोनवर दुसऱ्या भाषेत बोलत असते. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये रजेचा प्रकार नीट भरलेला नसेल तर 'आपण आज गैरहजर आहात, हजेरी नियमित करा' असा आपोआप मेसेज रोज सकाळी जातो. मार्च-एप्रिलमध्ये 'स्वमूल्यमापन बाकी आहे' अशा आठवणी येतात. पासवर्ड संपतोय, अमुक प्रशिक्षण बाकी आहे, हे असतंच. एचआरकडे बसून त्यांचं खातं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा: वैद्यकीय रजा म्हणून नोंद आहे ना, कुठवरच्या तारखेपर्यंत आहे, आणि स्वयंचलित आठवणी तेवढ्या काळापुरत्या बंद करता येतात का. ऑफिसच्या मेलवर 'रजेवर आहे, बिलिंगसाठी अमुक व्यक्तीशी संपर्क करा' असं स्वयंचलित उत्तर लावून घ्या. नाहीतर ग्राहक थेट त्यांच्या मोबाइलवर फोन करतात. बिलिंगच्या माणसाचा नंबर निम्म्या भिवंडीकडे असतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपचा प्रश्न नाजूक आहे. कामाच्या ग्रुपमध्ये ठेवलं तर दिवसाला शंभर मेसेज. काढलं तर 'अमुक यांनी तुम्हाला काढून टाकलं' ही ओळ, आणि रजेवरच्या माणसाला तिचा एकच अर्थ लागतो. यावर साधा उपाय असा की कामासाठी नवा ग्रुप करायचा, त्यात त्यांना घ्यायचं नाही, आणि जुना ग्रुप वाढदिवस-सणांपुरता ठेवायचा. कोणी कोणाला काढलं नाही, आवाज मात्र थांबला. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: वाचल्याच्या निळ्या खुणा सेटिंगमध्ये बंद करता येतात, पण ग्रुपमध्ये त्या बंद होत नाहीत. सीमाताईंनी रात्री झोप येत नाही म्हणून ग्रुप चाळला तरी ते दिसतं, आणि त्यांनाही ठाऊक असतं की दिसतं.

तिसरं काम पैशांचं. दीड महिना झालाय म्हणता. नेमकी हीच वेळ असते जेव्हा घरात पगाराचा हिशेब सुरू होतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला कामाच्या दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा मिळते. अर्जित रजा जास्तीत जास्त ४५ साठवता येतात. कंपनीची वेगळी वैद्यकीय रजा नसेल तर साठवलेलं सगळं वापरूनही पगारी रजा नऊ-दहा आठवड्यांत संपते. पुढे बिनपगारी. म्हणजे तुमच्या 'कशा आहात' पेक्षा त्यांना 'पगार कुठल्या तारखेपर्यंत' हे समजण्याची निकड जास्त असू शकते, आणि ते विचारायला त्यांना संकोच वाटतो.

एचआरकडून तीन उत्तरं लेखी घ्या. पगारी रजा नक्की कोणत्या तारखेला संपते. ग्रुप मेडिक्लेम बिनपगारी काळात चालू राहतो का, आणि आई-वडिलांच्या संरक्षणाचा हप्ता पगारातून कापला जात असेल तर पगार शून्य झाल्यावर तो कसा भरायचा. पॉलिसीच्या वार्षिक नूतनीकरणाच्या यादीत त्यांचं नाव आहे ना. तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण ही यादी कधी कधी चालू पगाराच्या यादीवरून बनते आणि बिनपगारी माणूस त्यातून गळू शकतो. उपचार अर्ध्यावर असताना ते कळलं तर काय होईल, सांगायला नको.

त्यांचा मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि त्या राज्य कामगार विम्यात असतील तर चित्र बरंच बदलतं. तिथे आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, आणि कर्करोगासारख्या यादीतल्या दीर्घ आजारांसाठी, नोकरी व वर्गणीच्या अटी पूर्ण असल्यास, पुढे ८० टक्के दराने कमाल दोन वर्षांपर्यंत. ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचवायची, पण तुमच्या विचारपुशीच्या मेसेजमध्ये नाही. एचआरकडून वेगळ्या मेलवर, त्यांच्या खासगी पत्त्यावर, विषयाच्या ओळीत आजाराचं नाव न लिहिता.

एवढं झालं की पहिला मेसेज लिहा. तो विचारपुशीचा नाहीच. पुढे कसं बोलायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांच्याकडे देणारा आहे. असा काहीसा:

«सीमाताई, नमस्कार. या मेसेजला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. तुमचं काम रजा संपेपर्यंत पूर्णपणे दुसऱ्यांकडे सोपवलं आहे. ऑफिसमधून कोणी कामासाठी फोन केला तर उचलू नका, मला नुसतं नाव कळवा. मी अधूनमधून दोन ओळी पाठवल्या तर चालेल का, तेवढं तुमच्या सोयीने सांगा: १ – महिन्यातून एकदा पाठवा. २ – आत्ता नको, मीच कळवीन. ३ – माझ्याऐवजी घरच्या अमुक माणसाला पाठवा. नुसता आकडा पाठवलात तरी पुरे. काहीच नाही पाठवलंत तर महिन्यातून एकदा दोन ओळी पाठवीन, त्यांनाही उत्तर नको. रजा आणि विम्याची माहिती एचआरकडून मेलवर येईल, ती सवडीने पाहा.»

'उत्तर द्यायलाच हवं असं नाही' ही ओळ मुद्दाम सुरुवातीला आहे. शेवटी लिहिली तर वाचणाऱ्याने तोवर मनात उत्तर जुळवायला घेतलेलं असतं, आणि बंद स्क्रीनवर दिसणाऱ्या पहिल्या ओळीत ती येतही नाही. पर्यायांना आकडे आहेत, कारण थकलेल्या माणसाला तीन पर्यायांतून एक अंक टाइप करणं जमतं. 'तुम्हाला कसं सोयीचं पडेल ते सांगा' यावर मात्र विचार करून वाक्य लिहावं लागतं. आणि उत्तर आलंच नाही तर काय होईल हेही सांगून ठेवलं आहे. त्यामुळे गप्प राहणं हेसुद्धा एक पूर्ण उत्तर ठरतं.

दुसरा पर्याय निवडला तर तो पाळा. दिवाळीला 'फक्त शुभेच्छा' म्हणूनसुद्धा मोडू नका.

महिन्याचा मेसेज याहून खूप लहान:

«सीमाताई, सहज आठवण झाली म्हणून. उत्तर नको. या वर्षी ऑफिसच्या गणपतीत आरतीची पुस्तकं कोणाला सापडलीच नाहीत, शेवटी सगळे मोबाइलमध्ये बघून म्हणत होते आणि तरी 'घालीन लोटांगण'ला एकदम जोर आला. इकडचं सगळं सुरळीत आहे.»

यात एक खरी, लहान, हलकी बातमी आहे आणि तिचा कामाशी संबंध नाही. 'सगळं सुरळीत' हे एकच वाक्य कामाबद्दल, तेही तपशील न देता. 'नवीन मुलगी छान सांभाळतेय' असं लिहायचा मोह होतो, त्यांना दिलासा मिळावा म्हणून. लिहू नका, आपली जागा भरली गेली असा अर्थ निघतो. उलट टोकाचं 'अडतंय'ही नको. बढत्या, बदल्या, कपातीच्या कुजबुजी, साहेबांचा मूड, हे वर्ज्य. 'तुम्ही फायटर आहात', 'पॉझिटिव्ह राहा' हेही टाळा. ज्या दिवशी त्यांना रडू येत असेल त्या दिवशी तो मेसेज आपण नीट लढत नाही असं सांगतो. आणि काढे, वैद्य, मावशीला अमुकने गुण आला, हे तर अजिबातच नको. बॉसने सुचवलेला वैद्य नाकारायला केमोपेक्षा जास्त ताकद लागते.

दर महिन्याला तोच मजकूर पाठवलात तर तो कॅलेंडरने पाठवल्यासारखा दिसतो. सांगण्यासारखं काही नसेल तर 'आठवण झाली, उत्तर नको' एवढ्या दोन तुकड्यांवर थांबा; उगीच फुलवू नका.

कधी पाठवायचा यालाही अर्थ आहे. केमोचे बरेच कोर्स २१ दिवसांच्या फेऱ्यांनी चालतात. डोस घेतल्यानंतरचे पहिले काही दिवस मळमळ आणि थकवा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, जंतुसंसर्गाची भीती तेव्हा जास्त. तिसऱ्या आठवड्यात माणूस जरा माणसात येतो आणि मग पुढचा डोस. म्हणून तिसरा आठवडा बरा. पण त्यासाठी त्यांच्या डोसच्या तारखा विचारून वहीत मांडू नका. त्यांनी आपणहून तारीख सांगितली असेल तर वापरा, नसेल तर सोडून द्या. उत्तर मागत नसलेला मेसेज चुकीच्या दिवशी गेला तरी फारसा त्रास देत नाही. वेळ मात्र ठरवा: कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते दुपारी चार. रात्री दहाला बॉसचं नाव स्क्रीनवर दिसलं की मजकूर वाचायच्या आधीच धडधड होते. सोमवार सकाळ आणि महिनाअखेर टाळा. बिलिंगच्या माणसाला ते दिवस कसले असतात हे त्यांना विसरता येत नाही.

फोन न सांगता करू नका, आणि व्हिडिओ कॉल तर मुळीच नको. अनेक केमो औषधांनी दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. त्या रूपात ऑफिसला कधी आणि किती दिसायचं हे त्या ठरवतील. व्हॉइस नोटही टाळा: ऐकायला शांत जागा लागते, घरातल्या कोणासमोर मोठ्याने वाजू शकते.

त्यांचा फोन बराच वेळ दुसऱ्याच्या हातात असतो हे गृहीत धरा. रिपोर्ट दाखवायला मुलाकडे, ॲम्ब्युलन्स किंवा टॅक्सी बोलवायला नवऱ्याकडे, वेटिंगमध्ये शेजारच्या बाईकडेसुद्धा. त्यांनी सासूबाईंना 'गाठ काढली' एवढंच सांगितलं असेल. म्हणून कुठल्याही मेसेजमध्ये आजाराचं, औषधाचं, रुग्णालयाचं नाव येऊ देऊ नका. रुग्णालयाचं विशेषतः. मुंबईत परळच्या टाटाचं नाव घेतलं की आजार वेगळा सांगावा लागत नाही. टीममध्ये कोणी विचारलं तर 'वैद्यकीय रजेवर आहेत' इथे थांबायचं, 'परळला ट्रीटमेंट चालू आहे' इथे पोचायचं नाही.

आता उत्तरांबद्दल. काहीच आलं नाही तर ते ठीक आहे, तुम्हीच तसं म्हणालात. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही म्हणून 'मेसेज मिळाला ना?' असं विचारलंत की आधीची सगळी मेहनत वाया. उत्तर नको हे फक्त म्हणायचं होतं असं सिद्ध होतं. टीममधल्या त्यांच्या मैत्रिणीकडून खबर काढणंही त्यातच आलं. ती मैत्रीण मग मैत्रीण राहत नाही, बातमीदार होते.

हात जोडलेली खूण किंवा अंगठा आला तर तिथेच थांबा. त्यावर पुन्हा 'काळजी घ्या' पाठवलं की त्यांना पुन्हा काहीतरी पाठवावं लागतं. शेवटचा शब्द त्यांचा राहू दे.

लांबलचक, अस्वस्थ करणारा मेसेज आला, बहुधा रात्रीचा, तर सकाळी उत्तर द्या: «वाचलं. लिहिलंत ते बरं केलंत. बोलावंसं वाटलं तर दुपारी एक ते दोन मी मोकळा असतो, तुम्ही फोन करा. नाही केलात तरी काही नाही.» उपाय सुचवू नका, आणि मजकूर एचआरला पुढे पाठवू नका. त्यात पैशांची किंवा विम्याची अडचण लिहिली असेल तर 'हे एचआरला सांगू का?' असं विचारून, हो आल्यावरच.

सगळ्यात अवघड उत्तर असतं ते उत्साहाचं. 'घरी कंटाळा येतो, रोज तासभर एक्सेल बघू का?' हो म्हणणं दोघांनाही सोपं वाटतं. तिथल्या तिथे हो म्हणू नका. राज्य कामगार विम्याचा आजारपण लाभ चालू असेल तर ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा लाभ मिळत नाही, म्हणजे तासाभराच्या एक्सेलने त्यांचंच नुकसान. विमा नसला तरी डॉक्टरांच्या दाखल्यावर त्या कामासाठी अयोग्य आहेत असं लिहिलेलं असताना तुम्ही काम घेताय. शिवाय केमोच्या काळात लक्ष लागत नाही, आकडे निसटतात; चूक झाली तर ती चूक त्या बऱ्या झाल्यावरही त्यांच्या मनात राहील. असं लिहा: «विचारलंत, बरं वाटलं. डॉक्टरांनी थोडं काम चालेल असं लिहून दिलं तर एचआरशी बोलून नीट ठरवू. तोवर काहीही नको, आणि न केल्याने काही बिघडत नाही.»

टीमला भेटायला जायचं असतं, सहा जण एकदम, डोंबिवलीची गाडी पकडून, शहाळी-फळं-फुलं घेऊन. भावना खरी आहे, पण पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना एखाद्याची साधी सर्दीसुद्धा त्यांना रुग्णालयात पोचवू शकते. त्या काळात फुलं आणि कच्चं खाणं घरात नको असंही बरेच डॉक्टर सांगतात. भेट त्यांनी बोलावलं तरच, एक किंवा दोघं, अर्धा तास, सर्दी-खोकला असलेल्याने नाही. फराळाचा डबा द्यायचाच तर घरच्यांना आधी विचारून, आणि आत न जाता सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवून. पैसे गोळा करायची कल्पना निघाली तर यादी कोणालाही दाखवू नका, त्यांनाही नाही. कोणी किती दिले हे कळलं की प्रत्येकाची परतफेड डोक्यात फिरत राहते.

आता साहेबांची तारीख.

तारीख सीमाताईंकडेही नाही, हे आधी समजून घ्या. ढोबळ हिशेब मांडून बघा. ऑपरेशननंतर जखम भरून केमो सुरू व्हायला चारेक आठवडे. समजा तीन-तीन आठवड्यांनी आठ डोस असतील, तर पहिल्यापासून आठव्यापर्यंत २१ आठवडे. त्यानंतर तीन-चार आठवड्यांची उसंत. रेडिएशन लागलं तर आठवड्यातून पाच दिवस, समजा १५ बैठका, म्हणजे तीन आठवडे. बेरीज ३१-३२ आठवडे, सव्वासात महिने, तेही एकही डोस पुढे न ढकलता. रक्ताचा रिपोर्ट खाली आला की डोस आठवडाभर पुढे जातो, आणि असं एक-दोनदा होणं नेहमीचंच आहे. कोणाचे डोस कमी असतात, कोणाला रेडिएशन लागत नाही, कोणाचं औषध पुढे वर्षभर चालतं. सीमाताईंचा हिशेब काय, हे तुम्हाला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. पण यावरून एवढं दिसतं की सहा महिने हा त्यांनी दिलेला शब्द नाही, पहिल्या दाखल्यावर लिहिलेला आकडा आहे. तो वाढला तर त्यात त्यांनी काही मोडलेलं नसेल.

त्यामुळे साहेबांना तारीख नाही, योजना द्या. त्यांना खरं तर माणूस कधी येईल हे नको असतं, बिलिंग कोण करणार हे हवं असतं. सरळ असं मांडा: «वैद्यकीय दाखला अमुक तारखेपर्यंतचा आहे. उपचार लांबू शकतात, म्हणून मी नऊ महिन्यांचं धरून चाललोय. तेवढ्या काळासाठी कंत्राटी एक माणूस हवा, त्याचा खर्च इतका. ताई आधी आल्या तर कंत्राट आधी संपवता येईल असं कलम घालू.» एवढं हातात पडलं की तारखेचा धोशा सहसा थांबतो. तरीही 'एक फोन करून बघा ना' आलं, तर दाखल्याची मुदत संपण्याआधी एचआर नियमाप्रमाणे विचारणारच आहे, असं सांगून विषय तिथे ठेवा.

आणि एचआरने विचारायचं ते असं: दाखल्याची मुदत संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, एकदाच, मेलवर. «तुमचा सध्याचा दाखला अमुक तारखेपर्यंत आहे. रजा वाढवायची असल्यास डॉक्टरांचा नवा दाखला त्या तारखेच्या आसपास पाठवावा. आजाराचा तपशील नको, फक्त किती काळ काम शक्य नाही एवढं पुरेसं आहे. घरच्या कोणी पाठवला तरी चालेल. रुजू व्हायचं असल्यास कामासाठी योग्य असल्याचा दाखला लागेल आणि सुरुवातीचे आठवडे कमी तासांचे ठेवता येतील का ते आपण तेव्हा बोलू.» वाढवण्याचा पर्याय आधी लिहायचा, रुजू होण्याचा नंतर. उलट क्रमाने लिहिलं तर कंपनीला काय हवंय ते क्रमच सांगतो. त्या आठवड्यात तुमचा महिन्याचा मेसेज पाठवू नका. एचआरचा मेल आणि बॉसची 'सहज आठवण' एकाच वेळी पोचली तर ती सहज वाटत नाही. दहा-बारा दिवस जाऊ द्या.